हँडल धरू नका

आमच्या प्रयोगशाळेत निवृत्त होणाऱ्या माणसाला नुसती शाल-श्रीफळ देऊन सोडत नाहीत, सायकलवर बसवून सोडतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी आमची नाजूक उपकरणं बिथरतात, म्हणून आमच्या इमारतीपर्यंत गाड्यांना पहिल्यापासून बंदी आहे. गेटपासून आत यायचं ते सायकलवर. त्यामुळे शेवटच्या दिवशी निवृत्त होणारा पुढे आणि सगळा विभाग घंट्या वाजवत त्याच्या मागे, अशी वरात गेटपर्यंत जाते. तिथे हारतुरे होतात, म्हैसूर पाक वाटला जातो, फोटो निघतात.

मी यातलं काहीच कधी पाहिलं नव्हतं. मला सायकल येत नव्हती. माहेरी एकच सायकल होती आणि ती भावांची होती. पुढे बंगळूरला नोकरी लागली, लग्न झालं, आणि शिकायचं राहूनच गेलं. "चालणं तब्येतीला चांगलं," असं मी साऱ्या विभागाला सांगत आले. प्रत्येकाच्या वरातीत मी सगळ्यांच्या मागे झपाझप चालत असे. गेटवर पोचेपर्यंत माणसं पांगलेली असत आणि ताटात म्हैसूर पाकाचा चुरा उरलेला असे. तो मी आवडीने खात असे, हे वेगळं.

माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आली तेव्हा आमच्या प्रमुखांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, "मॅडम, तुमच्यासाठी बॅटरीवरची गाडी मागवू."

त्या गाडीतून आमच्याकडे मंत्री आणि आजारी माणसं फिरतात. मी एकदम म्हणाले, "नको. मी सायकलवरच जाणार." बोलून गेले आणि घरी येईपर्यंत पस्तावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचं घर बसवनगुडीत, आणि जवळच एक मैदान आहे. बायकांची एक सायकल आणली आणि शनिवार-रविवारी सकाळी तिथे शिकायचं ठरलं. शिकवायला आमचे 'हे'. हे बेळगावचे. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, आणि जगातली कुठलीही गोष्ट पान्याने दुरुस्त होते यावर यांची श्रद्धा.

"सोपं असतंय की," हे म्हणाले. "चाकं भोवऱ्यागत फिरतात, म्हणून सायकल उभी राहते. तुझा जन्म भोवऱ्यांत गेलाय, तुला काय सांगायचं?"

माझा जन्म खरंच भोवऱ्यांत गेला आहे. विमानाला दिशा दाखवणाऱ्या यंत्रात गरगर फिरणारी चकती असते. तिला सहजासहजी कलंडायचं नसतं. त्या चकत्यांवरच माझं पोट चाललं. पण त्या ज्या वेगाने फिरतात तो वेग कुठे आणि बायकांच्या सायकलचं ते हलकं चाक कुठे! मी यांना तिथेच सांगितलं, की या वेगाला चाकाच्या फिरण्यात एवढा जोर नसतो, की माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईला ते एकटं उभं धरेल. हे म्हणाले, "मग कशानं राहते?" उत्तर मला नीट देता आलं नाही. त्याचा राग आला आणि त्या रागात मी सायकलवर बसले.

पहिल्या दिवशी पडले. दुसऱ्या दिवशीही पडले. हे मागचं कॅरिअर धरून पळायचे, दमले की सोडायचे, मग मी सरळ जमिनीवर. मैदानाला फेऱ्या घालणाऱ्या आमच्या शेजारच्या अक्का दर फेरीला हात वर करून ओरडायच्या, "निधान! निधान!" म्हणजे कन्नडमध्ये हळू, हळू. हेही ओरडायचे, "हळू चालव, आणि हँडल हलवू नकोस, सरळ धर!" मी हळू चालवायचे, हँडल दात-ओठ खाऊन सरळ धरायचे, आणि पडायचे. पडले तरी नाक वर, म्हणून उठून लगेच यांच्यावर खेकसायचे.

"उंटावरून शेळ्या हाकू नका!"

"मी कुठं उंटावर आहे? मी तर पळायलोय तुझ्या मागनं!"

यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. तिसऱ्या आठवड्यात तर मी आधीपेक्षाही लवकर पडू लागले. आता तोल जायला दोन हातांचं अंतरही लागेना. त्या रविवारी कोपर सोलपटून मी मैदानातल्या बाकावर बसले आणि मला रडू आलं. वाटलं, जाऊ दे, बसावं त्या बॅटरीच्या गाडीत, मांडीवर नारळ घेऊन. पुन्हा गेटवर सगळ्यांच्या नंतर काय आणि सगळ्यांच्या आधी काय, कुणाचं काय अडलंय?

हे पाणी आणायला घरी गेले. सायकल समोर उभी होती. मला तिचा इतका संताप आला, की मी उठले आणि तिला जोरात पुढे ढकलून दिलं. जा म्हटलं, एकटीच जा!

ती एका बाजूला कलली आणि तश्शीच, मान न वळवता, धाडकन पडली.

आणि माझं रडू थांबलं. आयुष्यभर यंत्रं पाहिलेल्या बाईला पडलेलं यंत्रही काहीतरी सांगतं. सायकल डावीकडे कलली, पण पुढचं चाक डावीकडे का नाही वळलं? मी जाऊन हँडल बोटाने ढकललं. हलेना. हाताने जोर लावला तर वळलं, आपणहून मुळीच नाही.

हे तांब्या घेऊन आले तशी मी विचारलं, "हँडलला काय केलंत?"

हे खुशीत म्हणाले, "तू चालवताना लई डुगडुगत होतं. म्हणून गेल्या आठवड्यात वरचा नट स्वल्प घट्ट केलोय बघ. तुला त्रास नको म्हणून."

स्वल्प! बायको पडू नये म्हणून या माणसाने सायकलची मानच आवळून टाकली होती. आणि खरं सांगते, मी स्वतः हाताने तेच तर करत होते. नट नंतर आवळला गेला, माझी मूठ पहिल्या दिवसापासून आवळलेली होती.

"पाना द्या," मी म्हणाले.

नट सैल केला, हँडल लोण्यासारखं फिरायला लागलं. मी सायकल धरून थोडी पळाले आणि रिकामीच सोडून दिली. ती गेली! मैदानातून एकटी गेली. डावीकडे कलली, तसं हँडल आपोआप डावीकडे वळलं, चाकं कललेल्या बाजूला सरकली आणि तिच्या वजनाखाली आली. ती पुन्हा उभी. मग उजवीकडे कलली, हँडल उजवीकडे, पुन्हा उभी. वेग कमी होत गेला तशी ती जास्त जास्त झोकांड्या खाऊ लागली, एक गिरकी घेतली आणि मग कुठे आडवी झाली. अक्का फेरी थांबवून आ वासून बघत होत्या. मी टाळ्या वाजवत होते.

"आता सांगते कशानं राहते," मी यांना म्हणाले. "झाडू तळहातावर उभा धरलाय कधी? तो ज्या बाजूला पडतो, तिकडेच हात न्यावा लागतो. सायकलही तेच करते. पडणाऱ्या बाजूला वळते आणि चाकं स्वतःच्या खाली आणते. तुमचा भोवरा खोटा नाही. चाक फिरतं म्हणून कललं की हँडल त्या बाजूला वळायला मदत होते. शिवाय सामानाच्या ट्रॉलीचं पुढचं चाक कसं ओढू तिकडे आपलं आपण वळतं, तशी काहीशी रचना इथेही आहे. पण ते हँडल तुम्ही मोकळं ठेवाल तर ना!"

"आणि हळू चालवलं तर?"

"हळू चालवलं तर तेवढाच तोल सावरायला हँडल खूप जास्त फिरवावं लागतं. जोरात असलं, की नुसता इशारा पुरतो."

हे डोकं खाजवत म्हणाले, "म्हणजे मी आणि अक्का इतके दिवस उलटंच ओरडायलो होतो."

त्या दिवशी यांनी सायकलचे पायडल काढले, सीट खाली केली, आणि मी दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत लहान पोरासारखी घसरत राहिले. हात सैल ठेवायचे, कलेल तिकडे वळायचं, घाबरल्यावर वेग कमी नाही तर वाढवायचा. पुढच्या आठवड्यात पायडल लागले आणि मी मैदानाला पूर्ण फेरी मारली. वळायचंही मग कळलं. डावीकडे जायचं तर आधी हँडल किंचित उजवीकडे, म्हणजे अंग डावीकडे कलतं, आणि मग डावीकडे वळायचं. आधी मी थेट डावीकडे वळायचे, तेव्हा चाकं डावीकडे जायची आणि मी उजवीकडे राहायचे! एवढा आनंद मला नोकरीतल्या कुठल्याच बढतीने दिला नव्हता.

शेवटचा दिवस उजाडला. भाषणं झाली, प्रत्येकाने एकच सांगितलं, "मॅडम, आता हळू, आता निवांत." मग सगळे खाली उतरले. माझ्या गळ्यात हार, पदर खोचलेला, समोर सायकल. मी नवशिकी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आमच्या विभागातल्या दोन गुणी मुली माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं हँडल घट्ट धरलं. प्रमुख पुढे पायी चालू लागले, हळू, मिरवणुकीच्या चालीने.

दोन पायडल मारले आणि सायकल वाकडी झाली. मुलींनी आणखी घट्ट धरली, ती आणखी वाकडी झाली. मागे घंट्या वाजत होत्या. एकीने हळूच विचारलं, "मॅडम, गाडी बोलवू का?" प्रेमापोटी मला दुसऱ्यांदा पाडायची तयारी चालली होती.

"हँडल सोडा!" मी ओरडले. "दोघी सोडा! आणि सर, तुम्ही बाजूला व्हा!"

प्रमुख गवतात उतरले. मी पायडलवर जोर दिला. सायकल डुगडुगली, मी तिला डुगडुगू दिलं, आणि वेग आला तशी ती सुतासारखी सरळ झाली. बाजूची झाडं मागे पळू लागली. वळणाशी हँडल किंचित उलटं, मग कलत कलत सुलटं, आणि समोर गेट. गेटबाहेर हे गाडी घेऊन थांबले होते. मला बघताच दोन्ही हात वर करून ओरडले, "जोरात! जोरात ग!" पहारेकरी चकित होऊन यांच्याकडे बघू लागला.

मी ब्रेक दाबला, पाय टेकले. टेबलावर म्हैसूर पाकाचं ताट अख्खं होतं. कुणीच आलं नव्हतं. मी सायकल वळवून उभी राहिले. तेवढ्यात वळणावरून घंट्या ऐकू आल्या आणि माझी माणसं हसत, धापा टाकत, एकामागून एक माझ्याकडे येताना दिसली.