आकडा अक्षरातही लिहावा

माझी बायको गेली एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवते आणि तिला कुठल्याही गोष्टीचा अंदाज करता येत नाही. म्हणजे, करायचाच नसतो. एकदा पाककृतीत ‘मीठ चवीपुरतं’ असं वाचून तिने लिहिणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला होता. “चवीपुरतं म्हणजे किती चमचे? सपाट की शिगोशीग?” त्या मैत्रिणीने पुन्हा कधी पाककृती पाठवली नाही.

दुकानासमोर, रस्ता ओलांडला की पहिल्या मजल्यावर, तिच्या धाकट्या भावाचा दवाखाना आहे. तो तिला ताई म्हणतो, म्हणून सगळी गल्ली तिला ताई म्हणते. त्याच्या हाताला गुण आहे, पण अक्षराला नाही. लहानपणी त्याचा शुद्धलेखनाचा गृहपाठ ताईच लिहून द्यायची. ते पाप ती आता रोज काउंटरवर उभं राहून फेडते.

त्या दिवशी मला सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मुदत संपत आलेल्या औषधांची यादी करतो. साडेअकराच्या सुमाराला शिंपीकाका आले. वय पंच्याहत्तर, गळ्यात अजून टेप. काकूंना थायरॉइडची गोळी नव्याने सुरू व्हायची होती.

“लवकर दे गं ताई. दोन वाजता लेकीकडे निघायचंय, महिनाभर तिकडेच. गोळी उद्या सकाळपासून घ्यायची आहे.”

ताईने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, दिव्याखाली धरली. मग मला हाक मारली.

“अहो, हा आकडा काय दिसतोय तुम्हाला?”

मी चष्मा पुसून पाहिलं. एकशे पंचवीस असावेत. दोनच्या पुढे एक ठिपका होता, तो दशांशचिन्ह धरला तर साडेबारा. सव्वाशे आणि साडेबारा यांत दहापट फरक. ताईकडच्या नोंदवहीत काकूंची हृदयाची गोळी तीन वर्षांपासून होती. अशा बाईला थायरॉइडची गोळी एकदम जास्त दिली, तर हृदयाला झेपत नाही. ती थोड्यापासून सुरू करतात, एवढं मलाही ऐकून ऐकून माहीत झालं होतं.

“मग साडेबाराच असणार,” मी म्हणालो.

“असणार?” ती माझ्याकडे ‘मीठ चवीपुरतं’ वाचल्यासारखं बघत म्हणाली आणि फोन लावला. आधी रिसेप्शनिस्टने तिला थांबवून ठेवलं. मग भाऊ फोनवर आला आणि त्याचा आवाज मलाही ऐकू आला. “ताई, आत पेशंट आहे. जे लिहिलंय तेच दे!” फोन बंद.

“जे लिहिलंय तेच,” ताई स्वतःशी म्हणाली आणि खणातून पॅड काढलं.

“आता पत्र?” शिंपीकाका वैतागले. “अगं, समोर तर बसतो तो! साध्या गोळीसाठी किती माप काढशील?”

“काका, कोटाची बाही तुम्ही अंदाजाने कापता का?”

काकांनी गळ्यातली टेप सारखी केली. मग बाकावर बसले.

पत्र असं होतं:

‘माननीय डॉक्टर महोदय यांस, आपल्या आजच्या चिठ्ठीतील थायरॉइडच्या गोळीची मात्रा वाचता येत नाही. रुग्णाचे वय एकाहत्तर असून हृदयाची गोळी सुरू आहे. चिठ्ठीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ चिठ्ठी आमच्याकडे आहे. आपल्याला अभिप्रेत असलेली मात्रा एककासह कळवावी. खुलासा मिळेपर्यंत औषध दिले जाणार नाही.’

“अगं, साडेबारा का, असं लिही ना,” मी म्हणालो. “तो नुसतं हो म्हणेल, काम मिटेल.”

“म्हणूनच नाही लिहायचं. घाईतला माणूस कशालाही हो म्हणतो. लग्नाआधी ‘स्वयंपाकात मदत कराल का?’ विचारलं, तेव्हा तुम्हीही हो म्हणालाच होतात ना?”

मी विषय बदलला. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, म्हणून मी एक सुचवलं. खाली चेकवर असतात तशा दोन रिकाम्या जागा ठेव, अंकी आणि अक्षरी. तिला हे इतकं आवडलं की तिने लगेच पट्टी घेऊन रेघा मारल्या. मग पत्र माझ्या हातात दिलं. “बूट घाला.”

दवाखान्यात बाहेर पाच जण होते. पत्र आहे म्हटल्यावर मेहुण्याने मला आत घेतलं. वाचून तो खो खो हसला.

“दाजी, सख्खी बहीण आणि महोदय! घरी तर गाढव म्हणते.”

“ते तोंडी. कागदावर ती नियम पाळते.”

“यात न वाचण्यासारखं काय आहे?” त्याने झेरॉक्सवर बोट ठेवलं. “सव्वाशे. तुम्हाला दिसत नाही?” आणि अंकी जागेत ऐटीत १२५ लिहिलं. मग अक्षरी जागेत लिहायला लागला. ‘एकशे पं’ इथे त्याचं पेन थांबलं.

तो हसायचा थांबला. पुन्हा पत्र वाचलं, या वेळी वरपासून. वय एकाहत्तर. हृदयाची गोळी.

“एकशे?” तो म्हणाला. “मी यांना एकशे कशाला लिहीन?”

त्याने बेल दाबली. रिसेप्शनिस्ट त्याने सांगितलेलं संगणकावर टंकून ठेवते, त्यामुळे ते तरी वाचता येतं. तिने कागद काढून आणला. पंचवीस मायक्रोग्रॅम.

पंचवीस! साडेबाराही नाही. सुरुवातीचा एक म्हणजे वरच्या ओळीतल्या अक्षराची खाली आलेली शेपटी होती आणि ठिपका म्हणजे नुसतंच पेन टेकलेलं. त्याने १२५ खोडलं, ‘एकशे पं’ खोडलं आणि खाली ‘२५ मायक्रोग्रॅम, पंचवीस मायक्रोग्रॅम’ लिहून सही आणि तारीख टाकली. मग नवी चिठ्ठी लिहिली, एकेक अक्षर सुटं सुटं, पहिलीतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून. बाहेरच्या पाच जणांना “दोन मिनिटं” म्हणाला आणि माझ्याबरोबर जिना उतरला.

दुकानात आल्यावर आधी शिंपीकाकांसमोर उभा राहिला. “काका, चूक माझ्या अक्षराची. माफ करा.”

“ताईने तासभर बसवलं रे,” काका म्हणाले. “पण बसवलं ते बरंच केलं म्हणायचं का?”

“फारच बरं केलं.”

ताई पत्र वाचत होती. खोडलेल्या १२५ वर तिचं बोट थांबलं, मग ‘एकशे पं’ वर. साडेबारा हा तिचाही आतला अंदाज होता, हे तिने मला रात्री सांगितलं. आत्ता तिने फक्त पत्र भावापुढे सरकवलं.

“महोदय, खोडलेल्या दोन्ही ठिकाणी सही राहिली.”

त्याने सह्या केल्या. तिने पत्र फायलीला लावलं, जुन्या चिठ्ठीवर आडवं ‘रद्द’ लिहिलं, गोळ्या मोजून दिल्या. “काका, सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने. अर्धा म्हणजे घड्याळातला.” काका दोनच्या आत निघाले. महिन्याने काकू स्वतः दुकानात आल्या, तब्येत उत्तम होती.

मेहुणा मात्र त्या दिवसापासून चिठ्ठीवर प्रत्येक मात्रा अंकी आणि अक्षरी लिहू लागला. एक गिऱ्हाईक म्हणालंही, “ताई, हे औषध आहे की चेक?”

काल संध्याकाळी अशीच एक चिठ्ठी आली. आकडा अगदी स्वच्छ होता, दहा. त्याच्यापुढचा अक्षरी शब्द मात्र ताईने दिव्याखाली धरला, लांब धरला, मला दाखवला. मला तो ‘दहा’ही वाटला आणि ‘दोन’ही.

मी नुकताच आत येऊन बाकावर टेकलो होतो. तिने खणातून पॅड काढलं.

“अहो,” ती म्हणाली, “बूट काढू नका.”