दाजींची आडवी संहिता

जानेवारीतला दुसरा सोमवार. बेळगावातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात कुणाचं तरी भाडेपत्र छापत होते, तेवढ्यात संकेश्वरच्या दाजींची पीडीएफ आली. सोबत एक अक्षर नाही. थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा नवरा; मेव्हणीला सगळं आपोआप कळतं अशी त्यांची समजूत.

फाइल उघडली तर सगळी पानं आडवी. मान वाकडी करून वाचल्यावर कळलं, गावच्या यात्रेत दर दोन-चार वर्षांनी होणाऱ्या नाटकाची टाइप केलेली जुनी संहिता. दाजी त्यात कधी पात्र झाले नाहीत. पडद्याआड बसून, अडलेल्या नटाला पुढचं वाक्य सांगायचं काम मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही.

काय करायचंय ते विचारायला फोन लावला. उचलला नाही. मग ज्याने नुकसान होणार नाही तेवढं करायला घेतलं. सगळी पानं एका दमात उजवीकडे फिरवली. पहिली अर्धी सरळ झाली, उरलेली डोक्यावर उभी राहिली. ती उलटी फिरवली आणि फाइल नव्या नावाने साठवली, कारण नुसतं स्क्रीनवर फिरवलेलं पुढच्या वेळी पुन्हा आडवंच दिसतं.

वाचू लागले तर नाटकातला पाटील मेला आणि लगेच पुढच्या पानावर जावयाला झापत उठला. त्यानंतर तो पानागणिक तरुण होत गेला. शेवटी मुलीचं लग्नच ठरायचं राहिलं. तेव्हा उलगडा झाला. पानं स्कॅन करणाऱ्या झेरॉक्सवाल्याने आधी सगळ्या कागदांची एक बाजू मशीनमधून काढली होती, मग गठ्ठा तसाच पालथा करून दुसरी. म्हणजे आधी विषम पानं सुलट क्रमाने, मग सम पानं शेवटाकडून. वरच्या कडेचे आकडे फाटलेले, म्हणून प्रत्येक जागी आधीचं वाक्य पुढच्या पानाला जुळतं का ते बघत पानं आलटून पालटून लावली. पाटील एकदाचा शेवटच्या अंकात मेला तो मेलाच.

दुपारी दाजींनी फोन उचलला. मी म्हटलं, "दाजी, पाटलाला मारून ठेवलंय. आता पुढं काय करू? कन्नडमध्ये भाषांतर, का पाटलाचं नुसतं तोंड बघून परत पाठवू?"

"तुझं कामच हाय की ते. तुला म्हायीत न्हाय व्हय?"

"मला तुमच्या पोटातलं वाचायचं मशीन अजून मिळालं नाही."

थोडा वेळ ते खोकले. मग म्हणाले, "अक्षरं जरा मोठी करता येत्यात का गं?"

किती मोठी, असं विचारल्यावर म्हणाले, पडद्यामागच्या बल्बात दिसतील एवढी. कधी हवंय, तर उद्या संध्याकाळी तालीम आहे. एवढंच सांगून फोन ठेवून दिला. मागोमाग आक्काचा फोन. दाजींचा मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन यात्रेनंतर करू म्हणून बसलेत, आणि नाटक मंडळातले लोक म्हणायला लागलेत की औंदा दुसरं कुणीतरी मोबाईलवरनं वाक्यं सांगेल. "त्येंनी मला बी सांगितलं न्हाय. परवा चष्म्यावर भिंग धरून बसलेलं बघितलं," आक्का म्हणाली.

आता काम कळलं. पानाचं चित्र मोठं केलं असतं तर अर्ध्या ओळी कागदाबाहेर गेल्या असत्या. मजकूरच काढायला हवा होता. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषा मराठी सांगितली. त्याने मराठी बरं वाचलं, पण नाटकातला गडी कन्नड बोलतो, तेही कन्नड लिपीत छापलेलं, त्याच्या तोंडी कुठल्याच भाषेतली नसलेली अक्षरं घातली. तेव्हा मराठीबरोबर कन्नडही निवडून दिली. शिवाय डावीकडे पात्रांची नावं आणि उजवीकडे वाक्यं असल्याने त्याने आधी सगळी नावं ओळीने लिहिली, मग सगळी वाक्यं. कोण काय बोललं ते मूळ पान शेजारी ठेवून मी जोडत गेले. घाईत सासूचं एक वाक्य सुनेच्या तोंडी गेलं. ते तिथे जास्त शोभत होतं, पण काढलं.

दुकान बंद करायच्या आत ठळक, मोठ्या अक्षरांत छापून झालं. पानांवर आकडेही घातले, तेही मोठे. गठ्ठा एवढा जाड झाला की बांधायला सगळ्यात मोठी स्पायरल घ्यावी लागली. दाजींना संदेश पाठवला नाही. त्यांच्याच पद्धतीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने संकेश्वरला गेले. दाजींनी गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "नाटक वाढवलंस का काय?" मी त्यांना माजघरात, जिथे दिवसाही अंधार असतो, तिथे एका बल्बाखाली गठ्ठा देऊन पाटावर बसवलं आणि स्वतः दारात उभी राहून पाटलीण झाले. दोन वाक्यं म्हटली आणि मुद्दाम अडले. आतून, चुलीपाशी बसलेल्या आक्कालाही ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, पुढचं वाक्य आलं. मी पुन्हा अडले, पुन्हा आलं. पहिला अंक आम्ही असाच संपवला, मग मी चहा घेऊन दुकान उघडायला परत निघाले.