पाच ओळींचे पत्र

आमच्या भाषाशास्त्र विभागात मॅडमच्या दारावर एक टंकलिखित कागद चिकटवलेला असे: भेटीसाठी ईमेल करावा, मजकूर पाच ओळींचा असावा, एकाच कामासाठी पुन्हा लिहू नये. मॅडम स्वतः संगणकासमोर फारशा बसत नसत. कार्यालयातला कारकून रोज सकाळी आलेल्या मेलच्या प्रती छापून त्यांच्या टेबलावर ठेवी, मॅडम समासात हिरव्या शाईने दोन शब्द लिहीत आणि तो ते शब्द टाइप करून पाठवी. चेन्नईत एम.फिल.ला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ही रीत शिकले.

मला एन्नोरच्या खाडीकाठच्या कोळ्यांच्या बोलीवर काम करायचे होते. माझे बालपण वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे या शहरात गेले, तमिळ मला गल्लीतूनच आली. उत्तरेचा वाडै आणि पूर्वेचा कोंडल हे वारे मलाही ठाऊक होते. पण खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या एका वृद्ध कोळ्याकडे त्या दोघांच्या मधल्या वाऱ्यांची नावे होती, गढूळ होत जाणाऱ्या पाण्याची होती, जाळ्याला हात लावताच कळणाऱ्या ओढीची होती. त्या वस्तीत जिभेवर सतत शेजारच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेची बारीक चव असे, वाळत घातलेल्या मासळीवरही तिचा करडा थर दिसे. त्या चवीतच मी त्यांतली दोन-तीन नावे प्रथम ऐकली, आणि कवितेवर वाढलेल्या माझ्या कानांना ती सोडवेनात.

त्याच्या घशात कर्करोग होता. सरकारी रुग्णालयाने स्वरयंत्र काढण्याची तारीख दिली होती. माझ्या हाती दहा दिवस होते.

"मग आता विचार ना, पापा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला; तिकडे लहान मुलीला पापा म्हणतात. "नंतर मी गप्प. माझी बायको खूश होईल. चाळीस वर्षं ती हेच मागतेय."

त्याची मुलगी मात्र हसली नाही. मी तिला अक्का म्हणत असे.

"नाही. आधी शिक्क्याचं पत्र आण," ती म्हणाली. "मागे असेच लोक आले, गोड बोलले, अंगठे घेऊन गेले. जमीन कुठं गेली ते आम्हाला नंतर कळलं. पत्राशिवाय एक शब्द लिहायचा नाही, टेपही लावायचा नाही."

तिचे म्हणणे रास्त होते. शिक्क्याचे पत्र विषयाला मान्यता मिळाल्यावाचून निघत नसे. विभागाचा टेपरेकॉर्डरही मार्गदर्शकाच्या, म्हणजे मॅडमच्या, सहीनेच हाती येई. सारे काही मॅडमच्या पंधरा मिनिटांवर येऊन ठेपले होते.

टी. नगरमधल्या वसतिगृहात माझ्या खोलीत कोल्हापूरची एक मुलगी राहत असे, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. मी वहीत लिहिलेला मसुदा तिने वाचला.

"अगं, हा मेल आहे की कादंबरी? पाच ओळी म्हटलंय, पाच पानं नव्हे."

मी कापू लागले. कापणे मला येत होते, त्याचा अभिमानही होता. आधी राख गेली, मग खाडी, मग मुलीचा संशय. शेवटी पाच ओळींवरचे एकच वाक्य उरले: माहितीदाराची शस्त्रक्रिया दहा दिवसांवर आहे, त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही.

"ते ठेवणार ना?" तिने विचारले.

"नको. दुसऱ्याचं दुखणं पुढं करून वेळ मागितल्यासारखं होतं. दबाव वाटेल."

"बघ बाई. आमच्याकडे तर तेच विषयाच्या ओळीत घालतात."

"तुमच्याकडे मॅडम नाहीत," मी म्हटले, आणि ते वाक्य खोडले.

इंटरनेट केंद्रातल्या उष्ण, घामट खोलीत बसून मी पाठवलेला मेल इंग्रजीत होता. मराठीत तो असा होईल:

"आदरणीय मॅडम, मी एम.फिल.ची विद्यार्थिनी आहे. एन्नोर खाडीकाठच्या कोळ्यांच्या बोलीतील वारा व पाणी यांविषयीच्या शब्दांवर प्रबंध लिहिण्याची इच्छा आहे. एका पानाचे टिपण सोबत जोडले आहे. विषयाच्या मान्यतेसाठी आपली पंधरा मिनिटे मिळाल्यास आभारी राहीन. आपल्या सोयीची कोणतीही वेळ मला चालेल."

मला तो मेल सुंदर वाटला. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

उत्तर तिसऱ्या दिवशी आले. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, दुपारी तीन. शस्त्रक्रिया त्याच आठवड्याच्या बुधवारी होती.

पुन्हा लिहायचे नाही, असे दारावरच लिहिलेले होते. सोमवारी मी त्या दाराबाहेर उभी राहिले. मॅडम उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून आल्या, त्यांच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास माझ्यापर्यंत आला. मी बाजूला झाले आणि "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटले. त्यांनी मान हलवली. दार मिटले. बोलायला चार पावलांचे अंतर होते, आणि मी ते अदबीने मोकळे सोडले.

मंगळवारी मी रुग्णालयात गेले. म्हाताऱ्याने हाताने विचारले: पत्र? मी म्हटले, "शुक्रवारी, ताता." अक्काने माझ्याकडे पाहिले आणि ती तांब्यात पाणी भरायला निघून गेली. तो नंतर बराच वेळ बोलत होता: पावसाविषयी, नातवाविषयी, खाटेतल्या ढेकणांविषयी. वाऱ्याविषयी मी विचारले नाही. अक्काला शब्द दिला होता.

शुक्रवारी तीन वाजता मॅडमनी माझ्या मेलची छापील प्रत समोर ठेवली. सात मिनिटांत विषय मान्य झाला.

"मुख्य माहितीदार कोण?"

मी सांगितले. परवा त्यांचे स्वरयंत्र काढले, हेही सांगितले.

त्यांनी पेनचे टोपण लावले. "लिहिलंस तेव्हा तुला तारीख माहीत होती?"

"हो, मॅडम."

"मेल वाचला त्या दुपारी मी रिकामी होते. इथेच बसून चहा पीत होते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाच ओळी मी कशासाठी मागते? रोज तीस मेल येतात. कुणाचं थांबू शकतं आणि कुणाचं नाही, हे एका नजरेत कळावं म्हणून. तू लिहिलंस, कोणतीही वेळ चालेल. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"मला वाटलं, आपल्यावर दबाव..."

"माझी काळजी मी घेईन, मुली. त्यांची कोण घेणार होतं?"

त्यांनी पत्रावर सही केली, कारकुनाला बोलावून शिक्का मारवला, टेपरेकॉर्डरही देववला. जाताना मला पाणी प्यायला लावले. ती माया मला रागापेक्षा जड गेली.

आठवड्याने डॉक्टरांनी भेटू दिले. वॉर्डात फिनेलचा आणि उकडलेल्या भाताचा वास होता. त्याच्या गळ्याच्या मध्यावर नळी होती, नाकातून दुसरी. अक्काने पत्र सावकाश वाचले, शिक्क्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आता विचार. बाबा, सांगा तिला."

मी बटण दाबले. वाडै आणि कोंडल यांच्या मधल्या वाऱ्याला काय म्हणतात, असे विचारले. त्याने ओठ हलवले. नळीतून हवा आली, ओली, फुसफुसती. अक्काने त्याच्या ओठांवर डोळे लावून एक शब्द उच्चारला. त्याने मान हलवली: नाही. तिने दुसरा उच्चारला. नाही. त्याने तळहात तिरका धरून हवेत काहीतरी ढकलले, वल्ह्यासारखे, मग बोटे मिटली.

"बायका होडीवर जात नाहीत," अक्का मला म्हणाली, जणू क्षमा मागत होती. "ही नावं पुरुष पाण्यावर बोलतात. मला कोण सांगणार?"

तिने तिसरा शब्द उच्चारला, चौथा. तो प्रत्येक वेळी धीराने नाही म्हणत राहिला. मग दमून त्याने डोळे मिटले. फीत फिरत होती आणि तिच्यावर फक्त त्याचा श्वास उतरत होता. अक्काने त्याच्या गळ्याखालचा ओला कपडा बदलला. मी यंत्र बंद केले.