अकरा नंबर

माझं शुद्धलेखन चुकणार, त्याची आधीच माफी मागते. अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीनंतर हातात पेन्सिल आलीच नाही, लाटणं आलं. हे कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागायची सवय आहे.

मुलीला घरून फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी लागली होती. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत आणि घरटी एक वायफाय. तिचा आवाज तुटायचा. दोन तक्रारी झाल्या. तिसरी आली की काम बंद, असं तिच्या मॅडमने सांगितलं. दहिसरच्या बहिणीकडून पैसे उसने घेऊन नवा राउटर आणला. दुकानदार दोन बँडचा घ्या, त्यात गर्दी टाळून दुसरी वाट मिळते म्हणत होता. महाग म्हणून साधाच घेतला. आवाज तुटतच राहिला.

मग मुलीने मोबाईलवर एक ॲप टाकलं. त्यात शेजाऱ्यांची वायफाय डोंगरांसारखी दिसली, एकावर एक चढलेली.

"बघ आई, नेटच्या लाइनवाल्याने जवळजवळ सगळ्यांना सहा नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे एकाच रस्त्यावर बसवलंय, आपल्यालाही. एकवरपण गर्दी. अकरावर एकच, तोही लांबचा."

"मग मधलं घे ना, आठ."

"मधलं घेतलं तर दोन्हीकडची कटकट गं."

तिने सेटिंगमध्ये सहाचं अकरा केलं. आठवडाभर आवाज एकदाही तुटला नाही. जेवतानासुद्धा ती गाणं गुणगुणायची.

शनिवारी नळावर शेजारीण म्हणाली, "काय गं, तुझ्या पोरीचं नेट झकास चालतं म्हणे? आमचं नुसतं गोल गोल फिरतं."

मी नळावर कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "अकरा नंबर लावा," म्हटलं.

"अगं बाई, मुकी बोलली!" सगळ्या हसल्या, पण भोवती जमल्याही. कसं लावायचं, कुठे दाबायचं, सगळं मलाच विचारत होत्या. मुलीने केलेलं पाहिलं होतं, तसं सांगितलं. मला फार बरं वाटलं. रविवारी घरोघर अकरा झालं.

सोमवारी सकाळी मुलगी गिऱ्हाइकाशी बोलत होती. "हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो?" असं किती वेळा म्हणाली. तिसरी तक्रार झाली.

संध्याकाळी तिने ॲप उघडलं. सगळे डोंगर अकरावर आले होते.

"आई, तू सांगितलंस कोणाला?"

मी हो म्हटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सहा लावलं. ते आता रिकामं होतं. नेट सुसाट चालायला लागलं. कामाचा लॅपटॉप मात्र दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस घेऊन गेला.

तिला अजून काम मिळालेलं नाही. नळावर मी पुन्हा गप्प असते. दोन घरच्या पोळ्या वाढवून घेतल्या. राउटरचे शेवटचे तीनशे रुपये काल बहिणीच्या हातात ठेवले. पैसे फिटले.