दादाच्या हाताचा कंप

आमचा थोरला भाऊ एसटीत ड्रायव्हर होता, कोल्हापूर-गडहिंग्लज मार्गावर. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्याचं अंग वाळत चाललं. जेवण मात्र वाढलेलं. चार भाकऱ्या झाल्यावरही भात मागायचा, तरी खाकी पँट पट्ट्यानं आवळावी लागायची. मी भाकरीच्या नुसत्या वासानं अंग सुटणारा माणूस. मला त्याचा हेवाच वाटायचा.

मग हात थरथरायला लागले. थंडीत शर्ट घामानं भिजायचा. डोळे टक लावल्यासारखे मोठे दिसायचे. डेपोत कुजबुज झाली, घेतोय म्हणून. वहिनीच्या वडिलांचं दारूपायीच वाटोळं झालेलं, त्यामुळे ती कुजबुज तिच्या मनात रुतली. धाकटा म्हणून तोंडाचा वास घ्यायची कामगिरी माझ्याकडे आली. लसणाच्या चटणीपलीकडे मला काही सापडलं नाही.

"विलायती असंल. तिला वास नसतोय," आई म्हणाली.

"माझ्या पगारात?" दादा एवढंच बोलला.

वहिनीनं पिशवी भरली. "खरं सांगा, न्हायतर पोरांस्नी घिऊन माहेरला जाते."

"खरंच सांगतोय की. बसलो तरी छातीत धडधडतंय, पळत आल्यागत."

ते ऐकून मीच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. हात पुढं करायला लावून बोटांवर कागद ठेवला. तो सारखा फडफडत राहिला. पाण्याचा घोट घ्यायला सांगितला, तेव्हा गळ्यापुढचा फुगवटा गिळताना वर सरकला. इतके दिवस मी तोंडाचा वास घेत होतो, चार बोटं खालचा गळा काही दिसला नव्हता.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी वहिनीही आली, पण बाहेर बाकावरच बसून राहिली.

"गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराचा वेग ठरवते," बाई म्हणाल्या. "तुमची जास्तीचा रस रक्तात सोडतेय. तिला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप बंद पडत आलाय, तरी ती थांबत नाही. म्हणून खाल्लेलं जळून जातं, वर मांसही झिजतं. आतली उष्णता घामातून बाहेर पडते. हृदय पळतं, हात कापतात."

"म्हंजे गाडी हुबी, आन् अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलेला."

"तसंच. एका गोळीनं धडधड आणि कंप लवकर कमी होईल. दुसरी नवा रस बनणं रोखेल, पण आधी साठलेला संपायला काही आठवडे जातील. तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही."

पुढं उन्हाळ्यात त्याला गाडी परत मिळाली. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक? दादा मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "बाई, भाईर माझी बायको हाय. तिला तुमीच सांगा, ही दारू न्हवं म्हणून. माझं तिला पटायचं न्हाय."

बाई रांग थांबवून बाहेर गेल्या आणि त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. दादा बाहेर आला तसं वहिनीनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं. ते पुन्हा भिजलं. तिनं पुन्हा पुसलं.