ती कपात नव्हती

माझा स्वभाव तापट आहे. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग बसलेला. असेल! पण सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये इंदापूरला जे झालं त्यात माझा राग रास्त होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

सिव्हिलचा डिप्लोमा करून मी कुणाची नोकरी धरली नव्हती. बारामतीत भाड्याच्या एका खोलीत टेबल टाकलं होतं. लोकांच्या जमिनीची लेव्हल घ्यायची, ठिबकच्या पाइपलाइनचे नकाशे काढून द्यायचे, हे माझं काम. बाई उन्हात डंपी लेव्हलची दुर्बीण तिपाईवर लावून उभी राहिली की बांधावर माणसं जमायची. जमू देत. त्या वर्षी इंदापूरजवळच्या एका खाजगी फळबाग कंपनीचं सत्तर एकराचं काम मिळालं. तोवरचं सगळ्यात मोठं काम होतं माझं.

काम संपलं, नकाशे पास झाले. बिल घेऊन मी एसटीनं इंदापूरला गेले. बिल मी स्वतः बनवलं होतं, दोनदा तपासून. सर्वेक्षण आणि आराखड्याची फी छत्तीस हजार. प्रवास आणि नकाशांच्या प्रतींचा खर्च चोवीसशे. एकूण अडतीस हजार चारशे. त्याखाली वेगळ्या ओळीत: आयकर कपात, पाच टक्क्यांनी एकोणीसशे वीस. आणि शेवटी: निव्वळ येणे छत्तीस हजार चारशे ऐंशी. कर खर्चासकट पूर्ण बिलावर कापायचा असतो, हे मी बारामतीच्या एका कर सल्लागाराला आधीच विचारून घेतलं होतं.

कंपनीचे हिशेबनीस पन्नाशीचे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. आधी पंचवीस वर्षं साखर कारखान्यात ऊस बिलांच्या टेबलावर काढलेली. माझं बिल त्यांनी वाचलं आणि परत सरकवलं.

"ताई, हे असं न्हाय. खालचा आकडा तेवढा ठेवा. छत्तीस हजार चारशे ऐंशी. वरचं सगळं काढून टाका, नवं बिल करून आणा."

"का?"

"आमच्याकडं कापूनच बिल घेतो. डॉक्टर तसंच देतात, वकील तसंच देतात. एक आकडा, एक चेक, भानगड न्हाय."

"आणि एकोणीसशे वीस रुपये?"

"ती कपात हाय की!" तात्या हसले. "उसाच्या बिलातनं पाणीपट्टी कापतात, सोसायटीचं कर्ज कापतात. कुणी इचारतं का परत? कापलं ते गेलं."

आता माझ्या ध्यानात आलं. माणूस लबाड नव्हता. आमच्या भागात कपात हा शब्द ऐकला की माणूस मान डोलावतो आणि उरलेले पैसे मोजून घरी जातो. पंचवीस वर्षं तात्यांनी तेच पाहिलं होतं. पण लबाड नसला म्हणून मी माझे पैसे सोडायचे? का म्हणून?

"तात्या, ही पाणीपट्टी नाही. हा माझा आयकर आहे. तुम्ही तो माझ्या नावानं सरकारात भरायचा, आणि भरल्याचं प्रमाणपत्र मला द्यायचं. ते जोडलं की माझ्या वर्षाच्या करातून एवढे वजा होतात. तुम्ही माझे पैसे कापून ठेवत नाही, पोचवताय."

तात्यांचा चेहरा बदलला. "तुमच्याच भल्याचं सांगतोय. कमी बिल दिलं तर उत्पन्न कमी दिसंल, कर कमी बसंल. शिकलेल्या तुमी, एवढं कळंना व्हय?"

झालं! माझं डोकं सणकलं. मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला.

"हे बघा. वर्षभराची सगळी कामं धरून, खर्च वजा जाता माझं उत्पन्न बावन्न हजार होतं. चाळीस हजारांपर्यंत कर नाही. वरच्या बारा हजारांवर पंधरा टक्के, म्हणजे अठराशे. तुमचं ऐकलं तर उत्पन्न एकोणीसशे वीसनं कमी दिसेल. त्यावरचा कर वाचला किती? दोनशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी वाचवायला मी एकोणीसशे वीस सोडायचे, आणि वर उरलेला पंधराशे बारा कर पुन्हा खिशातून भरायचा. ह्यात माझं भलं कुठं आहे, दाखवा बोट ठेवून."

तात्यांनी आकडे दोनदा पाहिले. चूक सापडली नाही, तेव्हा आवाज चढला.

"मग चेक निघणार न्हाय. आणि पुढच्या प्लॉटचं काम बी तुमाला मिळंलच असं न्हाय. बघा बाबा."

खोटं कशाला सांगू, ते काम मला हवं होतं. पुढचं काम म्हणजे खोलीचं वर्षाचं भाडं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, पण समोरच्याला काय ठाऊक. मी उठले नाही. खुर्ची आणखी पुढं ओढली.

"नका काढू. पण मी सही करीन ती अडतीस हजार चारशेवरच. आणि तुमचा ऑडिटर येईल तेव्हा काय सांगाल? छत्तीस हजार चारशे ऐंशीचं बिल, कर कापायच्या वीस हजारांच्या मर्यादेवरचं, आणि कर कापल्याची नोंद कुठंच नाही. तो म्हणेल ह्यावर पाच टक्के का कापले नाहीत. तो कर व्याजासकट कंपनीच्या माथी येईल. मालकांना मी सांगू, का तुम्ही सांगताय?"

मग तात्यांनी माझं जुनं बिल ओढून घेतलं आणि त्यावर आवक शिक्का मारला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये चेक आला, छत्तीस हजार चारशे ऐंशीचा. बरोबर प्रमाणपत्र नव्हतं. त्या कागदावाचून मला वजावट मिळणार नव्हती. मग मी खेटे घातले. पहिल्यांदा म्हणाले, चलन भरायचंय. दुसऱ्यांदा म्हणाले, फॉर्म संपलेत. तिसऱ्यांदा मी डबा घेऊनच गेले आणि त्यांच्या समोर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. "कागद घेतल्याबिगर शेवटची एसटी बी धरणार न्हाय," म्हटलं, त्यांच्याच बोलीत. जेवण होईतो ते टाइप करायला लागले होते.

कागद हातात आला. माझं नाव, अडतीस हजार चारशे, एकोणीसशे वीस, चलनाचा नंबर, बँकेची तारीख. मी ओळ न् ओळ तपासली. माझा कर अठराशे, भरलेले एकोणीसशे वीस. कर पूर्ण फिटला होता आणि वर सरकारकडून मलाच एकशे वीस येणं होतं. असा आनंद झाला म्हणता! फुगडी घालावीशी वाटली.

मी निघाले तर तात्या दारापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, एक इचारू? सासऱ्यांची बँकेत ठेव हाय. म्हातारे माझ्याकडंच असतात, दुसरं उत्पन्न न्हाय. व्याजातनं बँकेनं तेराशे कापले. असाच कागद आला हुता."

"मग? कुठं आहे तो?"

"कपातीचा कागद म्हणून मी फाडून टाकला."

पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलांवर कपात लिहिणारा माणूस बुटाच्या टोकाकडं बघत उभा होता. मला वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला, ह्या वेळी त्यांच्यावर नाही, त्या कपात शब्दावर.

"दुसरी प्रत मिळते," मी म्हटलं. "ती जोडून विवरण भरलं की तेराशेच्या तेराशे परत येतील. उद्याच बँकेत जा. द्यायला खळखळ केली तर डबा घेऊन बसा."