पांढऱ्याला व्हिसा नको होता

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या माझ्या खोलीवर आला, चप्पल न काढता पलंगावर बसला आणि म्हणाला, "मला नापास व्हायचंय. कसं व्हायचं ते शिकव. तू साहित्यवाला, तुला अनुभव असेल."

मी हसलो. तो हसला नाही.

पांढऱ्या माझा शाळेपासूनचा मित्र. दात बनवतो. दवाखान्यांतून लॅबमध्ये साचे येतात, त्यांवरून तो कॅप घडवतो. प्लास्टरची पूड त्याच्या केसांत असते, भुवयांत असते, कानांमागे असते. नाव त्यावरूनच पडलं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत तो बघत नाही, दातांकडे बघतो. माझ्या पुढच्या दोन दातांमधली फट त्याला इतकी छळते, की फुकट बुजवून देतो म्हणून अनेकदा मागे लागला आहे.

त्याला ताईनं वाढवलं. ताईचं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. शेजारचा गाळा घेऊन ते वाढवायचं म्हणून तिनं पैसे साठवले होते. गाळा रिकामा झाला, पण तोवर ते पैसे परदेशातल्या एका विद्यापीठाकडे गेले होते. पांढऱ्याच्या प्रवेशाचं डिपॉझिट म्हणून. कोर्स हॉस्पिटल मॅनेजमेंटचा. तो ताईनं आणि कन्सल्टन्सीतल्या मॅडमनी मिळून निवडला. पांढऱ्या तेव्हा लॅबमध्ये नुसते साचे ओतायचा. त्याला कुठेही पाठवलं असतं तरी तो गेला असता.

मग लॅबच्या मालकांची नजर अधू व्हायला लागली. त्यांनी पांढऱ्याच्या हातात बारीक ब्रश दिला आणि पुढचे दात करायला बसवलं. पुढचे दात म्हणजे रंगाचं काम. एकाच दातात तीन-चार छटा, टोकाला किंचित निळसर झाक. महिन्याभरात पांढऱ्या जेवताना त्याबद्दल बोलायला लागला. दोन महिन्यांत मालक म्हणाले, माझ्यानंतर कोण? अर्धी लॅब तुझ्या नावावर करतो, राहा.

त्याला राहायचं होतं. ते ताईला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तो आधी मला घेऊन मॅडमकडे गेला.

मॅडमच्या केबिनमध्ये विमानाचं एक लहानसं मॉडेल होतं आणि त्याचा एक पंख टेपनं चिकटवलेला होता.

"डिपॉझिट रिफंडेबल आहे असं तुम्हीच म्हणाला होतात," पांढऱ्या म्हणाला.

"आहेच की. व्हिसा नाकारला तर. नकाराचं पत्र विद्यापीठाला पाठवायचं, थोडा खर्च कापून बाकीचे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत. पण निर्णय यायच्या आधी तूच म्हणालास की मी येत नाही, तर ती माघार झाली. माघारीला काही परत नाही. विचार बदलायला सुरुवातीला दोन आठवडे होते, ते केव्हाच संपले."

"म्हणजे त्यांनी नाही म्हटलं तर पैसे परत. मी नाही म्हटलं तर गेले."

"अगदी. ठरलेलं लग्न मोडल्यासारखं आहे बघ. मोडलं कुणी, त्यावर सगळं."

"मी मुलाखतीला गेलोच नाही तर?"

"तीही माघारच धरतात. आणि खोटे कागद लावून नकार ओढवून घ्यायचा विचार असेल, तर पैसे जातील आणि वर काही वर्षं बंदी येईल." मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "मी काही ऐकलेलं नाही. चहा घेणार?"

"तिकडच्या दवाखान्यांसाठी अर्जाबरोबर हेल्थ फी भरली होती, तिचं काय?"

"ती व्हिसा खात्याची. नकार आला तर परत. निर्णयाआधी अर्ज मागे घेतलास तरी परत. पण व्हिसा मंजूर झाला आणि तू गेलाच नाहीस, तर तीही विसर. अर्जाची फी तर आता कशीच मिळणार नाही, बोटांचे ठसे दिलेत तू."

बाहेर पडल्यावर पांढऱ्यानं जिन्यातच थांबून बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "नकार यायला हवा रे."

त्या दिवसापासून तो नकाराची वाट बघत होता. ताई रोज विचारायची, आलं का काही? तो म्हणायचा, नाही अजून. दोघांचेही चेहरे काळजीचे. ती काळजी एकाच गोष्टीची नव्हती, हे फक्त मला माहीत होतं.

आलं ते व्हिसा खात्याकडून मुलाखतीचं बोलावणं. व्हिडिओवर.

म्हणून तो माझ्यासमोर बसला होता. मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस. मोघम बोल. माहीत नाही, बघू, बहिणीची इच्छा आहे. असा माणूस त्यांना नको असतो."

"जमेल," तो म्हणाला. "शाळेत जमायचं."

मुलाखत माझ्या खोलीवरच दिली. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो. मधलं दार पातळ. सगळं ऐकू येत होतं. पलीकडचा आवाज एका बाईचा, थकलेला आणि सभ्य. भाषा इंग्रजी.

सुरुवात झकास झाली. हाच कोर्स का? बहिणीला आवडला. हेच विद्यापीठ का? प्रवेश मिळाला म्हणून. विषय कोणते आहेत? बरेच आहेत. मध्येमध्ये ती बाई टाइप करत होती. प्रत्येक उत्तरानंतर मला वाटत होतं, ताईचा गाळा एकेका विटेनं परत येतोय.

"तुम्ही दात बनवता. तुमच्या लॅबमधून केलेलं काम परत येतं का?"

"येतं कधी कधी."

"म्हणजे कारागिरांच्या चुका."

मी ओट्याची कड घट्ट धरली.

"नाही," तो म्हणाला.

आणि सुटला. त्याचं इंग्रजी मोडकं आहे, पण अडखळलं नाही. दातांचा रंग डॉक्टर पिवळ्या दिव्याखाली ठरवतात. पेशंटच्या ओठांना लिपस्टिक असते. दात कोरडे पडलेले असतात, कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. ती चुकीची छटा कागदावर येते, आम्ही इमानानं तीच बनवतो, आणि तोंडात बसवल्यावर पेशंट रडतो. मग दोष कुणाचा? त्यानं सगळ्या दवाखान्यांना सांगून रंग उपचाराआधी, खिडकीजवळ, फोटो काढून ठरवायला लावला होता. परत येणारं काम निम्म्यावर आलं होतं. दवाखाना, लॅब आणि पोचवणारा माणूस यांच्याकडे एकत्र कुणी बघत नाही, तो म्हणाला. कुणीतरी बघायला हवं.

"आणि हा कोर्स नेमका त्याचाच आहे," बाई म्हणाली. आवाजातला थकवा गेला होता. तिनं आणखी विचारलं. त्यानं आणखी सांगितलं. शेवटी ती हसली. मी ते हसणं ऐकलं.

दार उघडून तो बाहेर आला. चेहरा उतरला होता.

"तिनं मला शुभेच्छा दिल्या," तो म्हणाला.

"तुला गप्प बसता येत नव्हतं?"

"ती म्हणाली कारागिरांच्या चुका."

मॅडमना फोन केला. त्या खूश. "मग झालंच समज! आता निर्णय कधीही येईल. आज, उद्या, कधीही." फोन ठेवून पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला. नकार आता येत नव्हता. थांबण्यात काही मिळणार नव्हतं, उलट मंजुरी येऊन पडली की हेल्थ फीसुद्धा जाणार होती. वाचवायची ती एवढीच. त्यासाठी निर्णयाच्या आधी माघार घ्यायला हवी होती. तीही फी ताईच्याच कार्डावरून भरलेली. तिला न सांगता काही करता येणार नव्हतं.

पार्लरमध्ये ताई एका शिक्षिकेच्या केसांना रंग लावत होती. हातांत काळे मोजे.

"झाली मुलाखत? कशी झाली?"

"चांगली."

"मग तोंड असं का? दात दुखतोय?"

"ताई, मला जायचं नाही."

तिचा ब्रश थांबला नाही. "भीती वाटते. सगळ्यांनाच वाटते."

"भीती नाही." मग त्यानं सगळं सांगितलं. उलटसुलट, शेवट आधी, मालक मध्येच. मी दाराशी उभा होतो. जावं की थांबावं कळत नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुला हे?"

"दोन महिने."

"मग आज मुलाखतीला कशाला बसलास?"

"नकार यावा म्हणून. तुझे पैसे परत आले असते."

"आणि मी काय केलं असतं? पोराचं नशीब फुटकं म्हणून त्या ऑफिसला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. तू समोर बसून मान डोलावली असतीस. हो ना?"

तो जमिनीवरचे केस चपलेनं एका जागी गोळा करत राहिला.

"अहो, डोकं चुरचुरतंय माझं," शिक्षिका हळूच म्हणाली.

"चुरचुरू दे बाई. माझंही चुरचुरतंय." ताईनं ब्रश वाटीत टाकला. "पुढच्या सत्रावर ढकलता येतं. मॅडम म्हणाल्या होत्या."

"येतं. एकदा. पैसे तसेच राहतात."

"मग ढकल की गाढवा!"

"पुढच्या वेळीही मी जाणार नाही. परत असाच बसेन. परत तुझ्यासमोर तोंड पाडून."

त्यानं फोन पुढे केला. दोन मजकूर तयार होते, एक विद्यापीठाला, एक व्हिसा खात्याला. एकाला कळवलं म्हणून दुसऱ्याला कळत नाही. ताईनं दोन्ही वाचले. तिला इंग्रजी सावकाश येतं, तिनं सावकाश वाचले.

"हे पाठवलं की माझा गाळा गेला."

"गेला."

"आणि तू गेलास तर?"

"ते पैसे फीमध्ये वळते होतात."

"म्हणजे अजून वाचतायत."

"हो. मी गेलो तर."

ताई आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. नळ टपकत होता. शिक्षिकेनं डोळे मिटून घेतले होते.

"मला विचारू नकोस," ताई म्हणाली. "जा म्हटलं तर जाशील, मला माहीत आहे. आणि मग जन्मभर मला ते तुझ्या तोंडावर दिसेल. राहा म्हणायचं माझ्या जिवावर येतं. तुझं तू कर. इथंच कर, माझ्यासमोर."

त्यानं एक पाठवलं. मग दुसरं. ताईनं शिक्षिकेला बेसिनकडे वळवलं आणि नळ पूर्ण सोडला.

विद्यापीठाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. खेद, नियम, शुभेच्छा. व्हिसा खात्याचं काही दिवसांनी आलं. अर्ज मागे घेतला, निर्णय दिलेला नाही. हेल्थ फी ताईच्या कार्डावर जमा झाली. शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीवाला आला. पांढऱ्या आता दर महिन्याला ताईच्या खात्यात पैसे टाकतो. ती त्याच्याशी बोलते, पण जेवलास का, किल्ली घेतलीस का, एवढंच.

परवा ती मला रस्त्यात भेटली. हातात शाम्पूचे डबे होते. मी एक घेतला. कोपऱ्यापर्यंत आम्ही सोबत चाललो.

"तू दारामागे होतास ना रे त्या दिवशी?"

"हो."

"मिळाला असता व्हिसा त्याला?"

ती हसणारी बाई मला आठवली. "मिळाला असता, ताई. नक्की."

तिनं माझ्या हातातला डबा काढून घेतला.

"त्याला सांगू नकोस मी विचारलं म्हणून," ती म्हणाली.